झिऱ्याचं गाणं इंग्रजीत नेताना : परमुलखात वाढणाऱ्या आपल्या पोरांसाठी

विटा-खानापूर-आटपाडी भागात गलाई कामासाठी बाहेर गेलेलं माणूस नाही असं घर शोधावं लागतं. माझा एक भाऊ त्रिशूरला आहे, एक कोइमतूरला आणि चुलतभाऊ कोलकात्याला. तिघंही सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. मे महिन्यात सगळ्यांची पोरं गावी येतात आणि आमच्या सोप्यात एक मजा होते. एकाला मल्याळम येतं, दुसऱ्याला तमिळ, तिसरीला बांगला. घरातली मराठी तिघांनाही कळते, पण ती 'जेवायला चल, पाय धू' एवढ्यापुरती. आपसात ही भावंडं बोलतात इंग्रजीतच, कारण शाळेची तेवढी एकच भाषा सगळ्यांना सारखी येते.

आई त्यांना येरळा नदीतल्या झिऱ्याचं गाणं म्हणून दाखवायची. पोरं चालीवर टाळ्या वाजवायची आणि शब्दांच्या जागी काहीतरी गुणगुणायची. तेव्हा ते गाणं मी इंग्रजीत करायला घेतलं आणि त्यात सलग दोन सुट्ट्या गेल्या. तुम्हाला असं काही करायचं असेल तर त्याची रीत, आणि माझ्याकडून चुकलं कुठं, ते सांगते. इंग्रजी ओळी मी मुद्दाम देवनागरीतच लिहिते. स्पेलिंग समोर असलं की डोळा फसतो. देवनागरीत लिहिलं की कानाला काय ऐकू येणार तेवढंच कागदावर येतं.

गाणं असं आहे :

नदी निजली वाळूखाली,
हळूच उकर गं, हळूच उकर.
करवंटीत आलं पाणी,
घागर भर गं, घागर भर.

वरनं कोरडी, आतनं ओली,
थांब जरा गं, थांब जरा.
गढूळ पाणी निवळू दे गं,
भरंल झिरा गं, भरंल झिरा.

ज्यांनी झिरा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. येरळा खटाव तालुक्यातून येते आणि खाली ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. पूर्वी पावसाळा सरला की तिच्या पात्रात नुसती वाळू दिसायची. बायका वाळूत हातानं खड्डा उकरायच्या. तळाशी हळूहळू पाणी पाझरायचं, तोच झिरा. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, थोडा वेळ थांबायचं, मग करवंटीनं घागर भरायची. टेंभू योजनेचं पाणी या भागात फिरल्यापासून झिरा उकरायची वेळ फारशी येत नाही, त्यामुळं गावात वाढलेल्या पोरांनाही हे गाणं समजावूनच सांगावं लागतं.

आधी ठरवा, काय सोडायचं नाही

गाण्यात चित्रं बरीच असतात आणि सगळी काही इंग्रजीत जात नाहीत. म्हणून एक पक्कं धरायचं आणि बाकीची गेली तरी चालतील असं आधीच मनाशी ठरवायचं. माझ्यापुढं तीन होती : झिरा, करवंटी आणि घागर. मला मोह पडला करवंटीचा. त्रिशूरच्या पोराला नारळाची करवंटी काही सांगावी लागत नाही, म्हणून वाटलं हीच धरावी.

पण ओळखीची वस्तू म्हणजे गाण्याचं चित्र नव्हे. मी आईला विचारलं, गाताना तुझ्या डोळ्यापुढं काय येतं? ती म्हणाली, "वाळूत हात घातला की गार लागतं ना, ते." म्हणजे वर कोरडं, आत पाणी. एकेक चित्र झाकून बघा. करवंटी काढली तरी गाणं उभं राहतं. झिरा काढला तर घागर भरायची कशातून, हा प्रश्न पडतो. जे काढल्यावर बाकीचं गाणं कोसळतं, ते तुमचं चित्र. ते वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण पुढं यमकाच्या नादात सगळ्यात आधी तेच निसटतं.

मग टाळीचं माप घ्या

शब्द सुचायला लागले तरी अजून लिहू नका. मूळ गाणं टाळी वाजवत म्हणा आणि प्रत्येक टाळीला उभी रेघ ओढा. आमचं गाणं केरवा तालात बसतं. ओळीला चार टाळ्या, प्रत्येक टाळीत चार मात्रा. ऽ ही खूण ओढीची :

| नदी ऽ | निजली | वाळू | खाली |
| हळूच | उकर गं | हळूच | उकर ऽ |
| करवं | टीत ऽ | आलं | पाणी |
| घागर | भर गं | घागर | भर ऽ |

नवखा माणूस इथं अक्षरं मोजायला बसतो. मीही बसले होते. मराठीच्या दुसऱ्या ओळीत 13 अक्षरं आहेत, मग इंग्रजीतही तेवढीच हवीत या हट्टात माझे आठ दिवस गेले. अक्षरं जुळवायची नसतात. टाळ्या जुळवायच्या असतात, आणि टाळीवर इंग्रजी शब्दाचा जोर पडला पाहिजे.

हा जोर म्हणजे या कामातली खरी मेख आहे. मराठीत आपण अक्षरं जवळपास सारख्या जोरानं म्हणतो आणि लांबी-आखूडपणानं फरक करतो. म्हणून 'करवंटीत' हा शब्द 'करवं' आणि 'टीत' असा मधेच तुटून टाळीवर आला तरी कानाला खटकत नाही. इंग्रजी शब्दात एक अक्षर ठाशीव असतं आणि बाकीची गिळली जातात. 'वॉटर'मध्ये जोर 'वॉ'वर, 'बिलो'मध्ये 'लो'वर. टाळी चुकीच्या अक्षरावर पडली की शब्द ओळखूच येत नाही. माझी पहिली ओळ अशी होती :

| द रि | व्हर इज | स्लीपिंग | नाऊ |

टाळ्या चार, गणित बरोबर. पण समेवर आलं 'द', आणि दुसऱ्या टाळीवर 'व्हर'. त्रिशूरची भाची दोनदा म्हणून थांबली आणि म्हणाली, "आत्या, व्हॉट इज दरी?" तिला 'द रि' असं एकत्र ऐकू आलं होतं. तिथं मला कळलं की इंग्रजी ओळ 'द' किंवा 'अ'नं सुरू झाली तर ते अक्षर समेच्या आधी उचलून घ्यायचं, नाहीतर काढून टाकायचं.

जोर कुठं आहे हे कळत नसेल तर तो शब्द शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसा ओरडून म्हणा. आवाज जिथं चढतो तिथं जोर. तरीही शंका राहिली तर शब्दकोशातला उच्चार ऐका आणि मग घरातल्या पोरांच्या तोंडून ऐका. आपल्या पिढीच्या इंग्रजीवर भरवसा ठेवू नका. आपण सगळी अक्षरं मराठीसारखी सपाट म्हणतो.

एवढं कळल्यावर टाळीची रेघ शब्दाच्या पोटातून कधी न्यायची तेही सुटतं. इंग्रजी शब्द तोडायचा असेल तर त्याच्या ठाशीव अक्षराच्या बरोबर आधी तोडायचा, एरवी नाही.

ओळ शेवटाकडून बांधा

आता शब्द. बहुतेकजण ओळीच्या सुरुवातीपासून लिहितात आणि शेवटी यमकासाठी काहीतरी कोंबतात. मी उलटं करायला सांगेन. आधी बघा सूर कुठं लांबतो. आमच्या चालीत तो प्रत्येक ओळीच्या चौथ्या टाळीवर लांबतो. तिथं जो शब्द येईल त्याचं तोंड उघडं असलं पाहिजे. 'आ', 'ओ', 'आय' हे स्वर ओढायला सोपे जातात. शेवटी म किंवा न आला तरी सूर नाकात घुमत राहतो, ल आला तरी तो तुटत नाही. प, ट, क आला की तोंड बंद होतं आणि सूर तुटतो.

पहिल्या ओळीचा माझा दुसरा प्रयत्न होता 'अंडर द सँड द रिव्हर स्लीप्स'. टाळ्या बरोबर, जोर बरोबर, अर्थ तर अगदी मुळाबरहुकूम. पण शेवटचा 'स्लीप्स' चार मात्रा ओढून बघा. 'ई'वर पोरांचा आवाज चिरकतो आणि पुढं 'प्स' करून फुगा फुटतो. कागदावर चांगली दिसलेली ही ओळ म्हणायला घेतल्यावर मेली. मग तेच शब्द फिरवले :

| रिव्हर्ज अ | स्लीप बि | नीथ द | सँड ऽ |

'सँड' चौथ्या टाळीवर आला, 'न' घुमायला लागला आणि 'अस्लीप' शब्द जोराच्या आधीच तुटला. त्याच्यापाठोपाठ दुसरी ओळ आपोआप आली :

| डिग विथ युअर | हँड ऽ | सॉफ्ट विथ युअर | हँड ऽ |

'विथ युअर' घाईत एका दमात म्हणायचं, इंग्रजीत ते तसंच गिळतात. इथं 'हळूच' गेलं नाही, 'सॉफ्ट' होऊन आलं. 'गं' मात्र गेलं. त्याला इंग्रजीत जोडीदार नाही. काहीजण त्या जागी 'डिअर' घालतात. माझ्या मते तसं करू नये, कारण 'डिअर' म्हटलं की आजीच्या जागी पत्रातला मायना ऐकू येतो. 'गं'चं काम ओळ पुन्हा म्हणून भागतं, कारण लाडानं सांगणारं माणूस तेच दोनदा सांगतं.

तिसऱ्या-चौथ्या ओळीत करवंटी आणि घागर दोन्ही सोडली. 'फिल अप द पॉट' बसत होतं, पण 'पॉट'वर सूर तुटत होता. घागर भरून बाई जाते कुठं, तर घरी. म्हणून :

| वॉटर इज | कमिंग | स्वीट अँड | स्लो ऽ |
| कॅरी इट | होम ऽ | कॅरी इट | होम ऽ |

'स्लो' आणि 'होम' हे पुरतं यमक नाही, नुसता स्वर जुळतो. चालतं. मराठीत क्रियापदं ओळीच्या शेवटी येतात, त्यामुळं -तो, -ते, -लं असं यमक फुकट मिळतं. इंग्रजीत तसं नाही, आणि पुरत्या यमकाचा हट्ट धरला की ओळीत नको ते शब्द शिरतात. न्यूझीलंडचे भाषांतर-अभ्यासक पीटर लो यांनी गाता येण्याजोग्या भाषांतराला पाच कसोट्या सांगितल्या आहेत : गेयता, अर्थ, भाषेचा सहजपणा, लय आणि यमक. पाच खेळांच्या शर्यतीसारखं हे धरायचं, म्हणजे प्रत्येकात पहिलं यायची गरज नाही, बेरीज चांगली हवी. मुलांच्या गाण्यात माझी सवलत सगळ्यात आधी यमकाला आणि सगळ्यात शेवटी गेयतेला.

'होम' हा शब्द मुळात नाही, तो मी घातला. घातलेल्या शब्दाला एकच प्रश्न विचारायचा : मूळ गाण्यातल्या माणसानं हे केलं असतं का? घागर घरी न्यायचीच असते, म्हणून तो राहू दिला. कोणी मला 'विटा' आणि 'ममा मिसेस यू' घालायला सुचवलं होतं, ते घेतलं नाही. गाण्यातल्या बाईला पाणी भरायची घाई आहे. तिच्या तोंडी आपली हुरहुर घालू नये.

झिऱ्याचं जिरं झालं

दुसऱ्या कडव्यात मला मूळ शब्द 'झिरा' तसाच ठेवायचा होता. एखादा मराठी शब्द राखायचा असेल तर चित्राचाच राखा आणि तो ओळीत अशा जागी बसवा की आजूबाजूच्या ओळींवरून त्याचा अर्थ लागेल. मी लिहिलं 'झिरा इज हिअर, झिरा इज हिअर'. आधीच्या ओळीतल्या 'क्लिअर'शी यमक झकास जुळलं. भाचीनं म्हटलं आणि विचारलं, "जीरा वॉटर?" केरळात जिऱ्याचं उकळलेलं पाणी घरोघरी पितात. तिच्या डोळ्यापुढं तोच गरम पिवळसर ग्लास आला.

चूक तिची नव्हती. मी 'झि' समेवर ठेवला होता, त्यामुळं तो लांबून 'झी' झाला आणि 'रा' गिळला गेला. मराठीत 'झिरा'चं वजन 'रा'वर आहे. म्हणून ओळ अशी फिरवली की टाळी 'रा'वर पडेल :

| सी द झि | रा ऽ | सी द झि | रा ऽ |

आता 'झि' आखूडच राहतो, 'आ' मोकळा लांबतो आणि शब्द आईच्या तोंडून निघतो तसाच पोरांच्या तोंडून निघतो. यमक थोडं उतरलं. मराठी शब्द इंग्रजी ओळीत ठेवताना त्याचं लांब अक्षर टाळीवर आलंय ना, एवढं प्रत्येक वेळी तपासा. नावं, गावं, पक्षी, सगळ्यांना हे लागू आहे.

याच कडव्यात आणखी एक खडा निघाला. मी लिहिलं होतं 'ड्राय ऑन द टॉप अँड वेट बिलो' आणि लगेच पुढच्या ओळीत थांबायचं 'वेट'. ओलं आणि थांबणं, आपल्याकडच्या इंग्रजीत दोन्ही जवळपास सारखंच ऐकू येतं. देवनागरीत लिहिलं म्हणून ते मला दिसलं. ओल्याच्या जागी 'कूल' घातलं. आई म्हणालीच होती, हाताला गार लागतं.

पोरांकडून चित्र काढून घ्या

गाणं म्हणता आलं म्हणजे चित्र पोचलं असं नाही. म्हणून पोरांच्या हातात कागद द्या आणि गाण्यात काय दिसतं ते काढायला सांगा. काही समजावू नका. कोलकात्याच्या चुलतभावाच्या पोरीनं दोन्ही काठ भरून निळी नदी काढली आणि तिच्यावर फुलाफुलांचं पांघरूण घातलं. आई कागद बघून म्हणाली, "आगं बाय, नदीवर पांघरूण कशाला घातलंस? वाळूच तिचं पांघरूण हाय."

पोरीचं बरोबर होतं. तिची नदी हुगळी, ती बारमाही. कोरडी नदी या पोरांच्या फारशी ओळखीची नाही. 'अस्लीप' म्हटलं की त्यांना पाणी शांत झालेलं दिसतं, आणि 'बिनीथ'मुळं नदीच्या तळाची वाळू वर कशी, असा गोंधळ होतो. मी 'बिनीथ' काढून 'इनसाइड' केलं. जोर त्याच जागी, आणि 'नीथ'च्या 'ई'पेक्षा 'साइड'चा 'आय' गायलाही मोकळा. अर्थही जास्त खरा झाला, कारण झिऱ्याचं पाणी वाळूच्या खाली वेगळं साठलेलं नसतं, ते वाळूतच मुरलेलं असतं.

उरलेलं काम गाण्याकडून करून घेऊ नका. ओळीत खुलासे भरले की गाणं बसत नाही. मी घमेल्यात चार-पाच बोटं जाड वाळू पसरली, कडेनं तांब्याभर पाणी ओतलं आणि वरची वाळू कोरडी राहील असं बघितलं. मग पोरांना मधोमध हातानं उकरायला लावलं. तळाशी गढूळ पाणी आलं, ते करवंटीनं काढलं, पुन्हा आलं ते निवळ होतं. फ्लॅटमध्ये टबात किंवा बादलीतही जमतं. फक्त बारीक माती नको, तिच्यातून पाणी लवकर पाझरत नाही आणि निवळायला फार वेळ लागतो. त्यानंतर काढलेल्या चित्रात पांघरूण नव्हतं.

आता पुरतं गाणं असं झालं :

रिव्हर्ज अस्लीप इनसाइड द सँड,
डिग विथ युअर हँड, सॉफ्ट विथ युअर हँड.
वॉटर इज कमिंग, स्वीट अँड स्लो,
कॅरी इट होम, कॅरी इट होम.

ड्राय ऑन द टॉप अँड कूल बिलो,
वेट फॉर द फ्लो, वेट फॉर द फ्लो.
मडी ॲट फर्स्ट, अँड देन इट्स क्लिअर,
सी द झिरा, सी द झिरा.

बसवताना

तुम्ही स्वतः गाऊन तपासू नका, तुम्हाला चाल पाठ असल्यामुळं तुम्ही चुकीचा शब्दही ओढून बसवता. पोरांना तीनदा म्हणू द्या आणि ऐका. ओळीच्या मधेच श्वास घेत असतील तर अक्षरं जास्त झालीत. एकाच जागी सगळ्यांचा आवाज बारीक होत असेल तर तिथला स्वर बंद आहे. आणि पोरं तुमचा शब्द सोडून भलताच म्हणायला लागली तर तो भलता शब्द लिहून घ्या, बहुतेक वेळा तोच नीट बसलेला असतो. माझं 'स्वीट' आधी 'प्युअर' होतं, ते कोइमतूरच्या पोरानं बदललं. सूर आजीच्या पट्टीत धरू नका, खाली जातो. सगळ्यात धाकट्या पोराला वरचा सूर न ओरडता लागेल अशी पट्टी धरा.

एक कायद्याचं. जात्यावरच्या ओव्या, झिऱ्या-झोपाळ्याची घरगुती गाणी पिढ्यानपिढ्या तोंडातोंडी आलेली असतात, त्यांचं रूपांतर करायला अडचण नाही. पण कवीचं नाव माहीत असलेलं गाणं घेतलं तर भारतात कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क चालतो, आणि भाषांतर-रूपांतराचा हक्कही त्यातच येतो. चालीचा हक्क शब्दांपासून वेगळा असतो. घरात म्हणायला कोणी अडवत नाही. कार्यक्रमात म्हणायचं किंवा ध्वनिमुद्रण करून लोकांत टाकायचं तर आधी परवानगी घ्या.

इंग्रजी पक्कं झालं की मी दुसरी ओळ तेवढी मराठीत परत आणते. पोरं म्हणतात 'रिव्हर्ज अस्लीप इनसाइड द सँड', आई उत्तर देते 'हळूच उकर गं, हळूच उकर'. चार टाळ्यांचं माप एकच असल्यामुळं कुणी अडखळत नाही. या मे महिन्यात तिसऱ्या दिवशी पोरंच ती ओळ आईच्या आधी म्हणायला लागली, आणि दुसऱ्या कडव्यात 'वेट फॉर द फ्लो'च्या जागी त्यांनी आपणहून 'थांब जरा गं' घातलं.